टीव्ही गोल गोल फिरतो, आणि चॅनल वरच्या मजल्यावरचा असतो: दाट वस्तीच्या इमारतीतलं एक वाय-फाय प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेतली सात मजली इमारत, मजल्यावर चार घरं. तिसऱ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेमध्ये निवृत्त काका-काकू राहतात आणि मुलगा बंगळुरूला असतो. केबल बंद करून त्यांनी फायबरचं कनेक्शन घेतलं होतं, त्यामुळे मालिका, बातम्या, क्रिकेट असं सगळं टीव्हीवर इंटरनेटवरूनच चालायचं. फायबर बेडरूमच्या खिडकीतून आत येते. तिथेच, लोखंडी कपाटाच्या मागच्या फटीत कंपनीने राउटर बसवलेला होता, कारण बसवणाऱ्या मुलाला प्लग तिथे सापडला. टीव्ही हॉलमध्ये, शेजारच्या घराला लागून असलेल्या सामाईक भिंतीवर. मध्ये विटांच्या दोन भिंती आणि ते कपाट.

टीव्ही ४३ इंची आणि काही वर्षं जुना, पण चित्र उत्तम. तो बदलायचा विचारही काकूंच्या मनात नव्हता. मी घरगुती नेटवर्कची कामं करतो. मला बोलावलं तेव्हा काका पहिल्याच वाक्यात म्हणाले, "नवीन टीव्ही घ्या एवढं सोडून काहीही सांगा."

तक्रार काय होती

दिवसभर टीव्ही सुरळीत चालायचा. रात्री साधारण साडेआठनंतर मात्र चित्र थांबायचं, मधोमध चकती फिरायची, पुन्हा सुरू व्हायचं. कधी सलग दहा मिनिटं काहीच व्हायचं नाही, तर कधी एका षटकात तीनदा अडकायचं. अकरानंतर सगळं पुन्हा ठीक.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावून ९० एमबीपीएसच्या पुढचा आकडा दाखवला आणि "लाइन ओके आहे" म्हणून तक्रार बंद केली. नंतर फोनवरच्या मुलीने मोठा प्लॅन सुचवला, काकांनी १०० चा २०० केला, आणि फरक शून्य पडला. पडणारही नव्हता, कारण एचडी चित्राला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात. १०० मधले पाच ज्याच्यापर्यंत पोचत नाहीत, त्याच्यापर्यंत २०० मधलेही पोचत नाहीत.

स्पीड टेस्ट खोटी नव्हती, पण ती टीव्हीबद्दल काहीच सांगत नव्हती. राउटर दोन पट्ट्यांवर एकाच नावाने वाय-फाय देत होता, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोन आपोआप ५ वर जायचा, जिथे जागा भरपूर असते. टीव्ही मात्र २.४ वर होता. नाव एकच असल्यामुळे दोघं वेगळ्या रस्त्यावर आहेत हे घरात कुणालाच दिसत नव्हतं.

मुलाने व्हिडिओ कॉलवरून काही उपाय करून पाहिले होते. प्रत्येक पट्टीत राउटरला बोलायला क्रमांक दिलेल्या जागा असतात, त्यांनाच चॅनल म्हणतात. फोनवरच्या वाय-फाय अॅनलायझर अॅपमध्ये २.४ च्या चॅनल ४ वर कुणीच नाही असं दिसलं, म्हणून त्याने काकांकडून राउटरचा चॅनल ४ करून घेतला. त्या रात्री त्रास वाढला. मग तो १३ वर गेला, तर टीव्हीच्या यादीतून घरचं नेटवर्कच गायब झालं आणि काकूंना वाटलं टीव्ही बिघडला. शेवटी सेटिंग परत 'Auto' वर आलं आणि राउटर ६ वर जाऊन बसला. मी पोचलो तेव्हा परिस्थिती ही होती.

आधी दोष लाइनचा की हवेचा, हे ठरवणं

चॅनलला हात लावायच्या आधी एक गोष्ट पक्की करणं गरजेचं होतं. रात्री अडकतं म्हटलं की दोन संशयित असतात. एक, कंपनीची लाइन संध्याकाळी गर्दीत मंदावते. दोन, घरातली हवा गर्दीत मंदावते. लक्षणं हुबेहूब सारखी, उपाय मात्र पूर्ण वेगळे.

माझ्याकडे लांब लॅन केबल असते. ती बेडरूममधून हॉलमध्ये फरशीवरून सरळ टाकली आणि टीव्हीच्या मागच्या पोर्टमध्ये लावली. काकूंनी अडखळू नये म्हणून तिच्यावर पायपुसणं ठेवलं. त्या रात्री साडेआठ ते अकरा टीव्ही एकदाही थांबला नाही. म्हणजे लाइन निर्दोष होती आणि दोष राउटर आणि टीव्ही यांच्यातल्या हवेतच होता.

त्याच वेळी राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, म्हणजे कोण कुठल्या पट्टीवर आहे हे कळेल. मग लॅपटॉप २.४ ला जोडून टीव्हीच्या बरोबर खाली ठेवला आणि राउटरलाच पिंग लावलं:

```
ping -n 300 192.168.1.1
```

पाचेक मिनिटं सेकंदाला एक हाक जाते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दिसतं. इथे इंटरनेटचा संबंधच येत नाही, हाक घरातल्या घरात जाते. दुपारी बहुतेक उत्तरं १० मिलिसेकंदांच्या आत होती. केबल काढल्यावर दुसऱ्या रात्री नऊला बरीचशी तशीच, पण मधूनच तीन-चार हाकांचा असा पट्टा यायचा की ३००, ६००, ८०० आणि मग 'Request timed out.' टीव्हीवर चकती नेमकी तेव्हाच फिरत होती. सगळी उत्तरं सारखीच मंद असती तर सिग्नल कमी पडतोय असं मानलं असतं. चांगल्या उत्तरांमध्ये असे झटके दिसले तर बाहेरून कुणीतरी मध्ये बोलतंय.

मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, म्हणून कपभर पाणी गरम करून पाहिलं. थोडा परिणाम दिसला, पण काकू दूध दोन मिनिटं तापवतात आणि टीव्ही अडीच तास अडकतो, तेव्हा तो विषय तिथेच सोडला.

टीव्हीपाशी उभं राहून मोजणी

बहुतेक लोक चॅनल शोधायला राउटरजवळ उभे राहतात. स्ट्रीमिंगमध्ये माहिती राउटरकडून टीव्हीकडे जाते, म्हणजे ऐकणारा टीव्ही असतो, आणि गोंगाटाचा त्रास ऐकणाऱ्याला होतो. त्यामुळे मोजणी टीव्हीच्या जागी, तीही रात्री नऊला, आणि मग तुलनेसाठी पुन्हा राउटरच्या जागी केली.

विंडोज लॅपटॉपवर ही एक ओळ पुरते:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

यादीत वीसहून जास्त नेटवर्कं आली, पण त्यातली बरीचशी उणे ८५ डीबीएमच्या खाली, लांबची. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त. (वरच्या आज्ञेत सिग्नल टक्क्यांत येतो, डीबीएमचे आकडे फोनवरच्या अॅपमधून घेतले.) टीव्हीपाशी महत्त्वाचे ठरले ते तीनच.

आपला राउटर चॅनल ६ वर, टीव्हीपाशी उणे ६१. शेजारच्या घराचा, सामाईक भिंतीपलीकडचा, चॅनल ११ वर, उणे ४९. आणि बरोबर वरच्या घराचा, ज्यांचा राउटर त्यांच्या हॉलमध्ये जवळजवळ या टीव्हीच्या डोक्यावर आहे, चॅनल ३ वर, उणे ५४, आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झ. म्हणजे काकांच्या टीव्हीला स्वतःच्या राउटरपेक्षा वरच्यांचा आवाज जास्त मोठा ऐकू येत होता. चॅनल १ वर तीन नेटवर्कं होती, सगळ्यांत जोराचं उणे ७४. चॅनल ६ वर आणखी पाच.

बेडरूममध्ये, राउटरच्या जागी, वरच्यांचं हेच नेटवर्क उणे ७० पर्यंत उतरलं होतं. या दोन आकड्यांमधल्या फरकातच सगळी गोम होती.

चॅनल ४ रिकामा दिसूनही वाईट का

२.४ च्या पट्टीत भारतात १ ते १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर असतात आणि वाय-फायचा एक सिग्नल २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून एकमेकांवर न चढणारे असे तीनच नेहमी धरले जातात: १, ६ आणि ११. चॅनल ४ वर बसलेला राउटर १ वरच्यांवरही चढतो आणि ६ वरच्यांवरही.

एकाच चॅनलवर अनेक जण असणं त्यामानाने बरं असतं. वाय-फायचं प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं. त्याच चॅनलवर दुसऱ्या कुणाच्या बोलण्याची सुरुवात ओळखू आली, तर ते थांबतं, आणि ही ओळख अगदी क्षीण सिग्नललाही, साधारण उणे ८२ पर्यंत पटते. पण शेजारचा चॅनल अर्धवट अंगावर येत असेल तर ती भाषा ओळखूच येत नाही, तो नुसता गोंगाट असतो. नुसत्या गोंगाटासाठी यंत्र थांबतं ते तो खूपच मोठा असेल तेव्हा, साधारण उणे ६२ च्या वर. सोसायटीच्या सभेत एकच माइक असेल तर वेळ लागतो, पण प्रत्येकाचा नंबर येतो. पलीकडच्या हॉलमध्ये लग्नाचा लाउडस्पीकर लागला की तो सभेसाठी थांबत नाही, आणि सभेतले लोकही त्याच्यासाठी थांबत नाहीत.

आता वरचे आकडे जोडून बघा. वरच्यांचा ४० मेगाहर्ट्झचा सिग्नल मुख्य चॅनल ३ आणि जोड चॅनल ७ असा पसरलेला, म्हणजे २४१२ ते २४५२ मेगाहर्ट्झ. काकांचा चॅनल ६ व्यापतो २४२७ ते २४४७. म्हणजे तो पूर्णच्या पूर्ण त्याच्या पोटात. काकांच्या राउटरला बेडरूममध्ये वरच्यांचा गोंगाट उणे ७० ने ऐकू येतो, उणे ६२ पेक्षा कमी, त्यामुळे तो न थांबता टीव्हीकडे माहितीचं पाकीट सोडून देतो. त्याच क्षणी टीव्हीपाशी वरच्यांचा आवाज उणे ५४ आणि आपला उणे ६१. पाकीट फुटतं. राउटर पुन्हा पाठवतो, पुन्हा फुटतं. वरच्या घरी रात्री टीव्ही आणि दोन लॅपटॉप चालू असतात तोवर हे असंच चालणार.

'Auto' ने हे का ओळखलं नाही? कारण हा राउटर चॅनल निवडताना स्वतःच्या जागी ऐकतो, टीव्हीच्या जागी नाही. शिवाय असे बरेच राउटर चालू होतानाच एकदा निवड करतात. दुपारी वीज गेली-आली की दुपारच्या शांततेत निवडलेला चॅनल रात्रीपर्यंत तसाच राहतो.

समोर असलेले पर्याय

सगळ्यांत पक्का उपाय होता लॅन केबल कायमची लावणं. टीव्हीचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच होता, पण चित्राला तेवढा खूप झाला. अडचण अशी की घर नुकतंच रंगवलेलं होतं आणि चौकटीवरून पांढरी पट्टी नेण्याला काकूंचा साफ नकार होता. "दिवाळीला रंग दिलाय, त्यावर वायरी नकोत." घर त्यांचं, तेव्हा हा पर्याय बाजूला ठेवला, रद्द केला नाही.

टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवर नेणं जमलं असतं तर प्रश्नच मिटला असता. टीव्हीच्या यादीत ५ चं नाव दिसत नव्हतं. पण एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो, कारण काही टीव्हींना ५ मधले ठरावीक चॅनलच कळतात. म्हणून राउटरचा ५ चा चॅनल आधी ३६ आणि मग १४९ करून पाहिला. दोन्ही वेळा नाव आलं नाही. माहितीपुस्तिकेतही फक्त '802.11 b/g/n' होतं. टीव्ही २.४ चाच. ५ वर चालणारी एचडीएमआय स्टिक लावता आली असती, त्यात काही हजारांचा खर्च आणि काकूंसाठी आणखी एक रिमोट.

दुकानदाराने रिपीटर सुचवला होता. तो मी घेऊ दिला नाही. स्वस्त रिपीटर त्याच २.४ वर ऐकलेलं सगळं पुन्हा एकदा बोलतो. हवा आधीच भरलेली असताना त्यात आणखी एक बोलणारा वाढतो.

राहिला चॅनल. त्यात १३ बाद, कारण टीव्हीला तो दिसतच नाही. शिवाय १३ आणि ११ मध्ये फक्त १० मेगाहर्ट्झचं अंतर आहे, म्हणजे शेजाऱ्यांवर चढणारच. ६ वरच्यांच्या पोटात. १ त्यांच्या अर्धा पोटात, कारण १ व्यापतो २४०२ ते २४२२ आणि वरचे २४१२ पासून सुरू होतात. पूर्ण मोकळा उरतो ११, पण तिथे भिंतीपलीकडचा उणे ४९ वाला.

पहिला निर्णय: गोंगाटापेक्षा गर्दी पत्करणं

काकांना ११ पटेना. यादीतला सगळ्यांत मोठा आकडा तिथेच होता. "शेजारी सगळ्यांत जोरात बोलतात आणि आपण त्यांच्यातच जाऊन बसायचं?" हा प्रश्न बरोबर जागी होता. पण हा शेजारी त्याच चॅनलवर असणार, म्हणजे दोघं एकमेकांना ओळखून थांबणार. बेडरूममध्ये त्यांचा सिग्नल उणे ७३ होता, तो नुसता गोंगाट म्हणून राउटरने दुर्लक्षिला असता, पण त्याच चॅनलवरची ओळख म्हणून पुरेसा होता.

प्रश्न एवढाच की ते किती बोलतात. शेजाऱ्यांचा राउटर ही माहिती स्वतःच हवेत देत होता. सगळे राउटर देत नाहीत आणि विंडोजच्या जुन्या आवृत्त्या ती दाखवत नाहीत, पण इथे दिसली:

```
Channel            : 11
Bss Load:
    Connected Stations:   9
    Channel Utilization:  168 (65 %)
```

रात्री साडेनऊला चॅनल ११ चा ६५ टक्के वेळ भरलेला. म्हणजे उरलेला तिसरा हिस्सा आपला. या टीव्हीसारखं एकच अँटेना असलेलं यंत्र २० मेगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत प्रत्यक्षात ३०-४० एमबीपीएस ओढतं. त्याचा तिसरा हिस्सा दहा-बारा होतो, आणि गरज पाचची. गणित कसंबसं बसत होतं.

त्या रात्री राउटर ११ वर, रुंदी २० मेगाहर्ट्झ पक्की केली. चकती थांबली. पण दहाच्या सुमारास, शेजारच्या मुलाचं कसलंसं मोठं डाउनलोड चालू असताना, चित्र अधूनमधून धूसर व्हायला लागलं. टीव्ही अडकत नव्हता, पण दर्जा उतरवून घेत होता. क्रिकेटमध्ये चेंडू दिसेनासा झाला की काका लगेच ओळखतात. तात्पुरतं ठीक, कायमचं नाही.

दुसरा निर्णय: वरच्या मजल्यावर जाणं

तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत चांगली जागा चॅनल १ होती. तीन नेटवर्कं, पण तिन्ही दूरची. ती खराब करत होते फक्त वरचे, तेही त्यांना गरज नसलेल्या ४० च्या रुंदीमुळे. २.४ च्या अरुंद पट्टीत ४० मेगाहर्ट्झ म्हणजे जवळजवळ अर्धी जागा एका घराने घेणं. हे कुणी मुद्दाम करत नाही, राउटर कारखान्यातून '20/40' वर येतो आणि तसाच राहतो.

काका आधी कचरले. इमारतीत पार्किंगवरून आधीच थोडं वाजलेलं होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं वर गेलो. तिथल्या सरांनी पहिल्यांदा जे विचारलं त्याची तयारी ठेवलेली बरी: "पासवर्ड द्यावा लागेल का?" मी सांगितलं, पासवर्ड नको, राउटरला हातही लावत नाही. तुम्हीच पान उघडा, मी फक्त बोट दाखवतो.

मग त्यांचीच बाजू पाहिली. त्यांच्या मागच्या खोलीत मुलीचा जुना लॅपटॉप २.४ वर चालायचा आणि ऑनलाइन क्लासमध्ये आवाज तुटायचा. त्यांचा सिग्नल चॅनल १ आणि ६, दोन्हीकडच्या लोकांना धडकत होता, म्हणजे फटका त्यांनाही बसतच होता. हे त्यांच्याच स्क्रीनवर दिसल्यावर बोलणं मोकळं झालं. त्यांनी रुंदी २० आणि चॅनल ६ केला. चॅनल ६ व्यापतो २४२७ पासून पुढे, म्हणजे चॅनल १ ची २४२२ पर्यंतची जागा पूर्ण सुटली. त्यांनी नकार दिला असता तर ११ वरच राहून स्टिक घेतली असती.

खाली येऊन काकांचा राउटर चॅनल १ वर नेला.

बाकी केलेले बदल

राउटर कपाटामागून काढला. फायबरची बारीक पिवळी वायर थोडी जास्तीची गुंडाळलेली होती, तेवढी मोकळी करून राउटर दाराच्या बाजूच्या फळीवर आला. ही वायर तांब्याच्या वायरीसारखी दुमडायची नाही, आतली काच तुटते. वळण मोठं ठेवून नेली. लोखंडी कपाट मधून हटल्याबरोबर टीव्हीपाशी आपला सिग्नल उणे ६१ वरून उणे ५६ झाला. चॅनल न बदलता हे एकटं केलं असतं तरी वरच्यांचा उणे ५४ त्याच्यावरच राहिला असता, पण आता समोर फार कुणी नव्हतं तेव्हा हे पाच मोलाचे ठरले.

फोन, टॅबलेट, काकांचा लॅपटॉप, सगळे ५ गिगाहर्ट्झच्या नावावर हलवले आणि त्यांच्यातून २.४ चा पासवर्ड विसरायला लावला. २.४ वर टीव्ही एकटा उरला. स्वतःच्याच घरातली गर्दी हाही एक शेजारीच असतो. ५ चा चॅनल १४९ वर ठेवला, कारण इमारतीत जवळजवळ सगळे ३६ वर होते. मधले ५२ ते १४४ चॅनल सोडले. तिथे राउटरला रडारचा सिग्नल दिसला तर लगेच जागा सोडावी लागते, आणि काही जुनी यंत्रं त्या चॅनलना जोडलीच जात नाहीत.

परिणाम

रात्री नऊला तेच तीनशे पिंग पुन्हा लावले. बहुतेक सगळी उत्तरं १० मिलिसेकंदांच्या आसपास, अधूनमधून एखादं ४०-५०, आणि टाइमआउट एकही नाही. टीव्हीवर पूर्ण एचडी टिकून राहिलं. काकांनी २०० चा प्लॅन परत १०० केला. वरच्या मुलीचा क्लासही सुधारला, असं काकूंना जिन्यात कळलं.

काही आठवड्यांनी फोन आला, पुन्हा फिरतंय. राउटरचं पान उघडलं तर चॅनल 'Auto', दोन्ही नावं एक झालेली, आणि चॅनल ६. कंपनीने दुरून राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं होतं आणि सेटिंग मूळपदावर गेली होती. आपल्याकडे बहुतेकदा राउटर कंपनीच्या मालकीचा असतो, तेव्हा हे होतच राहणार. राउटरच्या बुडाला कागदाची चिठ्ठी चिकटवली: '२.४ – चॅनल १ – २०, ५ – १४९, नावं वेगळी'. आता फिरायला लागलं की काका आधी चिठ्ठी आणि स्क्रीन ताडून बघतात, मग मला फोन करतात.

वेगळं काय करता आलं असतं

फरशीवर टाकलेली केबल ही पहिल्याच तक्रारीच्या वेळी कुणीतरी करायला हवी होती. तिने एका रात्रीत लाइन निर्दोष ठरवली. ती आधी झाली असती तर वाढीव प्लॅनचे पैसे आणि कंपनीच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. कंपनीच्या माणसाने स्पीड टेस्ट फोनवर न करता टीव्हीच्याच ब्राउझरवर केली असती तरी खूप काही कळलं असतं.

मुलाने अॅप वापरलं हे चांगलंच, पण ते भरदुपारी उघडलं आणि त्यात फक्त 'कोण कुठल्या क्रमांकावर' एवढं पाहिलं. त्याच अॅपमधल्या आलेखात प्रत्येक नेटवर्कची कमान किती रुंद आहे तेही दिसतं. वरच्यांची रुंद कमान ४ च्या बरोबर डोक्यावरून गेलेली तिथेच दिसली असती.

चॅनल १ किती काळ मोकळा राहील हे काकांच्या हातात नाही. पाचव्या मजल्यावर नवे भाडेकरू येतायत आणि त्यांचा राउटर कुठे बसेल कुणास ठाऊक. म्हणून केबलचा पर्याय जिवंत ठेवलाय. काकूंशी बोलणं असं ठरलंय की हॉलमधलं जुनं शोकेस बदलायला सुतार येईल तेव्हा त्याच्या मागून, भिंतीला न दिसता, एक कॅट-६ वायर टीव्हीपर्यंत न्यायची. बेडरूमच्या दाराखालच्या उंबऱ्याजवळून ती कशी न्यायची याचं माप सुताराला देऊन ठेवलंय.